रिलिव्हिंग लेटर अडकलं, तर नव्या कंपनीला काय लिहायचं?

ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या थोडं वर, कागदपत्रांची यादी असते. शिक्षणाची प्रमाणपत्रं, आधार, पॅन, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि आधीच्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर. पगाराचा आकडा आणि रुजू व्हायची तारीख बघून झालेली असते, त्यामुळे ही यादी कुणी नीट वाचत नाही. पहिल्या चार गोष्टी आपल्या कपाटात असतात. पाचवी मात्र ज्याला आपण नुकतेच सोडून आलो, त्याच्याच हातात असते.

मी एचआरमध्ये काम करत असताना हा पाचवा कागद अडकलेली माणसं नेहमी समोर येत. त्यातल्या बहुतेकांचं नुकसान आधीच्या कंपनीच्या अडवणुकीने जितकं झालं, त्याहून जास्त नव्या कंपनीला उशिरा आणि अर्धवट सांगितल्याने झालं. म्हणून इथे आधीच्या कंपनीशी कसं भांडायचं यापेक्षा नव्या कंपनीकडे सवलत कशी मागायची, यावर जास्त बोलतो आहे. ओळख कळू नये इतके तपशील बदलून एक प्रकरण सांगतो.

भोसरीतल्या एका छोट्या डिझाइन फर्ममध्ये एक मुलगी कॅड इंजिनिअर होती. पगार महिना ४२,००० रुपये, त्यातला मूळ पगार २१,०००. नेमणूकपत्रात नोटीस पिरियड ९० दिवसांचा. तिने १ ऑगस्टला राजीनामा दिला. हातातलं काम संपत आलं होतं, म्हणून साहेब म्हणाले, ‘४५ दिवस कर आणि जा.’ हे ते तोंडी म्हणाले. लेखी काय होतं, तर साहेबांचा एक मेल: ‘१४ सप्टेंबर हा तुझा शेवटचा दिवस आहे, तोपर्यंत सगळी ड्रॉइंग्ज हँडओव्हर कर.’ तिने ती केली, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत दिलं, स्टोअरवाल्याची सही घेतली, आणि १७ सप्टेंबरला नव्या कंपनीत रुजू झाली. रिलिव्हिंग लेटर द्यायला नव्या कंपनीने ३० दिवस दिले होते. म्हणजे १७ ऑक्टोबरपर्यंत.

२६ सप्टेंबरला आधीच्या कंपनीकडून फुल अँड फायनलचा हिशेब आला. पीएफ आणि कराची कपात बाजूला ठेवली, तर तिचं येणं असं होतं: रोखून ठेवलेला ऑगस्टचा पगार ४२,०००, सप्टेंबरच्या १४ दिवसांचे १९,६०० आणि शिल्लक नऊ रजांचे ६,३००. एकूण ६७,९०० रुपये. त्यातून कंपनीने न भरलेल्या ४५ दिवसांच्या नोटिशीचे ६३,००० आणि ‘प्रशिक्षण खर्च’ म्हणून २५,००० वजा केले होते. म्हणजे उलट तिनेच २०,१०० रुपये भरायचे, आणि ते भरल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर मिळणार नाही.

तिने नेमणूकपत्र काढून वाचलं. नोटिशीची वसुली ‘मूळ पगारावर’ असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे ४५ दिवसांचे ३१,५०० होतात, ६३,००० नाही. प्रशिक्षण खर्चाचा तर कुठे उल्लेखच नव्हता. तिच्या हिशेबाने कंपनीच तिला ३६,४०० रुपये देणं लागत होती. साहेबांनीच लवकर सोडलं, म्हणून नोटिशीचे पैसे मुळातच लागू होत नाहीत, असाही वाद तिला घालता आला असता. पण तो तिने घातला नाही, आणि ते शहाणपणाचंच झालं. नव्या कंपनीला दाखवताना ‘मी माझ्या करारातली रक्कम द्यायला तयार आहे’ ही भूमिका फार उपयोगी पडते.

आता टेबलाच्या पलीकडे जाऊ. नवी कंपनी हा कागद का मागते? तिला तीन गोष्टी हव्या असतात. हा माणूस तिथे खरंच आणि सांगतो तितकी वर्षं होता का? तो तिथून खरंच बाहेर पडला आहे का, की दोन ठिकाणी पगार घेतो आहे? आणि त्याच्यावर आधीच्या मालकाचा काही दावा आहे का, जो उद्या आपल्याला चिकटेल? दुसऱ्या प्रश्नाला २०२२ नंतर जास्तच धार आली. त्या वर्षी विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांत चोरून काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. खोट्या अनुभवपत्रांचा धंदाही काही छोटा नाही.

रिलिव्हिंग लेटर या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एका पानात देतं, म्हणून ते सोयीचं. पण प्रश्न तीन आहेत हे एकदा लक्षात आलं, की प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या कागदाने देता येतं. नोकरी होती याचा पुरावा म्हणजे नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, त्याच तारखांना पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफची नोंद. नोकरी सुटली याचा पुरावा म्हणजे राजीनाम्याचा मेल, साहेबांचा शेवटच्या दिवसाचा मेल आणि लॅपटॉप परत दिल्याची पावती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदात मिळत नाही. ते आपल्यालाच खरं खरं सांगावं लागतं: वाद आहे, तो इतक्या रुपयांचा आहे, आणि तो या कारणाने आहे.

बहुतेकजण नेमके इथेच कचरतात. वाद सांगितला तर ऑफर जाईल असं वाटतं, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात येतंय’ असं सांगत राहतात. पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी आधीच्या कंपनीला मेल करणारच असते, आणि तिकडून उत्तर येतं, ‘एक्झिट फॉर्मॅलिटीज पेंडिंग.’ अहवाल साधारणपणे तीन रंगांत येतो: हिरवा, पिवळा, लाल. अशा उत्तरावर तो पिवळा होतो. तुमचं स्पष्टीकरण आधीच फाइलमध्ये असेल, तर एचआरवाली व्यक्ती पिवळ्या शेऱ्यासमोर ‘उमेदवाराने आधीच कळवले होते’ असं लिहून पुढे जाते. नसेल, तर तोच शेरा लपवाछपवीचा वाटतो. वाद तोच आणि रक्कमही तीच असते, फक्त आता तिला वरच्यांना उत्तर द्यायचं असतं.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. ज्या रिक्रूटरने गोड बोलून ऑफर दिली, त्याच्या हातात हा निर्णय नसतो. कागदपत्रं बघणारी माणसं वेगळी असतात, आणि त्यांनाही स्वतःच्या अधिकारात सूट देता येत नाही. ती वरून मंजूर करून घ्यावी लागते. म्हणजे तुमचा मेल जिला जातो, ती व्यक्ती तो पुढे पाठवणार आहे. तेव्हा मेल असा हवा, की तिला त्यात एक शब्दही घालावा लागू नये. फोनवर कितीही सहानुभूती मिळाली तरी ती पुढे पाठवता येत नाही. फोन करायचाच, पण त्याच दिवशी मेलही जायला हवा. आपल्या नव्या साहेबांनाही दोन ओळींत कल्पना द्यावी, कारण मंजुरी देणारा पहिला फोन त्यांनाच करतो.

तिने २९ सप्टेंबरला मेल पाठवला. मुदत संपायला तेव्हा अडीच आठवडे होते. मूळ मेल इंग्रजीत होता. त्याचा मजकूर असा:

‘विषय: रिलिव्हिंग लेटरसाठी मुदतवाढ आणि पर्यायी कागदपत्रे

नमस्कार मॅडम,

ऑफर लेटरप्रमाणे मला १७ ऑक्टोबरपर्यंत आधीच्या कंपनीचे रिलिव्हिंग लेटर द्यायचे आहे. ते या तारखेपर्यंत मिळेल असे मला वाटत नाही, म्हणून आत्ताच कळवत आहे.

माझा राजीनामा १ ऑगस्टचा असून शेवटचा कामाचा दिवस १४ सप्टेंबर होता. तो माझ्या मॅनेजरनी मेलने कळवला होता. फुल अँड फायनलच्या हिशेबात माझा आणि कंपनीचा मतभेद आहे. नेमणूकपत्राप्रमाणे नोटिशीची रक्कम मूळ पगारावर, म्हणजे ३१,५०० रुपये होते, आणि ती माझ्या येण्यातून वळती करून घ्यायला माझी हरकत नाही. कंपनीने ती एकूण पगारावर लावली आहे आणि नेमणूकपत्रात नसलेला २५,००० रुपयांचा प्रशिक्षण खर्च धरला आहे. याविषयी मी त्यांना आज लेखी कळवले आहे. याव्यतिरिक्त कोणतीही तक्रार, चौकशी किंवा बाँड नाही.

सोबत नेमणूकपत्र, राजीनामा, मॅनेजरचा मेल, साहित्य परत केल्याची पावती, तीन महिन्यांच्या स्लिपा, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पीएफची सर्व्हिस हिस्टरी आणि कंपनीने पाठवलेला हिशेब जोडला आहे.

माझी विनंती अशी: सध्या ही कागदपत्रे ग्राह्य धरावीत आणि रिलिव्हिंग लेटरसाठी १५ डिसेंबरपर्यंत मुदत द्यावी. तोपर्यंत ते मिळाले नाही, तर पीएफच्या नोंदीतील नोकरी सोडल्याची तारीख अंतिम पुरावा म्हणून स्वीकारावी. पडताळणीत आधीच्या कंपनीकडून “पेंडिंग” असा शेरा येण्याची शक्यता आहे, त्याचे कारण वरील मतभेद हे आहे. आवश्यक असल्यास मी स्वयंघोषणापत्र देईन.’

मेल एवढाच होता. आधीचे साहेब कसे आहेत, सणाच्या दिवशी कसं थांबवून घ्यायचे, यातलं काहीही त्यात नाही. ते सगळं खरं असलं तरी वाचणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो: उद्या ही आपल्याबद्दलही असंच लिहील. मागणीत मात्र तारीख आहे आणि त्या तारखेला काय होईल हेही आहे. ‘कृपया समजून घ्यावे’ या वाक्यावर कुणाची मंजुरी मिळत नाही, कारण काय मंजूर करायचं हेच त्यात नसतं.

१५ डिसेंबर ही तारीख तिने हवेतून काढली नव्हती. पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख नोंदवणं हे खरं तर मालकाचं काम. तो ती मुद्दाम भरत नसेल, तर २०२० पासून सभासदाला ती स्वतः भरता येते. ईपीएफओच्या सभासद पोर्टलवर यूएएनने लॉग-इन करायचं, Manage खाली Mark Exit निवडायचं, आधीची कंपनी निवडायची, तारीख आणि कारण भरायचं आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण एक अट आहे: शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्यानंतर दोन महिने जावे लागतात. तिची शेवटची वर्गणी सप्टेंबरची, म्हणजे डिसेंबर उजाडल्याशिवाय हे करता येणार नव्हतं. नवी कंपनी कागद ३० दिवसांत मागते आणि पीएफचं दार दोन महिन्यांनी उघडतं. या मधल्या काळासाठीच सवलत मागायची असते.

यात एक खाचही आहे. सोडल्याची तारीख शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच घालता येते. आधीच्या कंपनीने सप्टेंबरच्या १४ दिवसांची वर्गणी भरलीच नाही, तर पोर्टलच्या लेखी शेवटचा महिना ऑगस्ट होतो आणि १४ सप्टेंबर ही तारीख घालता येत नाही. मग पीएफमध्ये एक तारीख आणि मेलमध्ये दुसरी, असा नवाच घोळ होतो. महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. तेव्हा १५ ऑक्टोबरनंतर चार-पाच दिवसांनी पासबुक उघडून बघायचं. सप्टेंबरची ओळ दिसली तर ठीक. नसेल, तर तेही नव्या एचआरला एका ओळीत कळवून ठेवायचं. आणि तारीख घालताना दोनदा तपासायची. एकदा नोंदली की ती आपल्याला परस्पर बदलता येत नाही.

नव्या कंपनीकडून उत्तर म्हणून बहुधा एक घोषणापत्र सहीसाठी येतं. ते वाचल्याशिवाय सही करू नये. ‘मी आधीच्या कंपनीत कामावर नाही आणि दिलेली माहिती खरी आहे’ इतकं असेल तर हरकत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत पत्र न दिल्यास सेवा समाप्त करण्यात येईल’ असं असेल, तर ‘किंवा कंपनीने मान्य केलेला पर्यायी पुरावा’ एवढे शब्द त्यात घालून मागावेत. आपण हवं तर मागतो, तेही हवं तर नाही म्हणतील. पण जे पत्र देणं आपल्या हातातच नाही, त्यावर आपली नोकरी लटकलेली ठेवण्याआधी निदान विचारून बघावं.

आणि हो, कुणीतरी मित्र सांगतोच, ‘माझ्या पत्रात नाव बदलून पीडीएफ कर.’ तो पीडीएफ पडताळणीसाठी आधीच्या कंपनीच्याच एचआरकडे जातो. पिवळ्या अहवालाला स्पष्टीकरण देता येतं, बनावट कागदाला ते देता येत नाही.

आधीच्या कंपनीकडे काय करायचं, हे थोडक्यात. सरसकट सगळ्या नोकरदारांना रिलिव्हिंग लेटर मिळालंच पाहिजे, असा एकच एक कायदा आपल्याकडे नाही. ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी स्थायी आदेशांत सेवा प्रमाणपत्राची तरतूद आहे. मॅनेजरच्या पदावरच्यांना तिचा आधार नाही. पगाराचं मात्र स्पष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं, असं म्हटलं आहे. आणि ‘आम्ही तुला सोडलेलंच नाही’ या धमकीत फारसा दम नसतो. नोकरीचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. मालकाला फार तर पैशांत भरपाई मागता येते.

म्हणून त्यांना मेलने तीन गोष्टी विचाराव्यात: पत्र का रोखलं आहे ते लेखी द्या, वसुली नेमणूकपत्राच्या कोणत्या कलमाखाली आहे ते सांगा, आणि तोवर निदान सेवा प्रमाणपत्र द्या. यातलं शेवटचं बऱ्याचदा मिळून जातं. ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत या पदावर होत्या’ असं लिहिल्याने त्यांच्या वसुलीच्या दाव्याला धक्का लागत नाही, आणि आपले दोन प्रश्न सुटतात. उत्तर आलंच नाही, तरी आपण विचारल्याचा मेल नव्या कंपनीला दाखवता येतो.

बाँड असेल तर प्रकरण वेगळं होतं. ‘बाँडला काही अर्थ नसतो’ हे कँटीनमधलं मत आता सोडून द्यावं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्या अधिकाऱ्याने ती रक्कम निषेध नोंदवून भरली होती आणि पुढची नोकरी धरली होती. रक्कम परत मिळाली नाही, पण तो मार्ग लक्षात ठेवण्यासारखा आहे: रक्कम झेपण्याजोगी असेल, तर ‘हक्क राखून भरत आहे’ असं लिहून भरायची, पत्र घ्यायचं आणि वाद पुढे चालवायचा. बाँड नव्या कंपनीपासून लपवला, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोटं ठरतं.

कंपनी बंदच पडली असेल, तर उलट सोपं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तिच्या नावासमोर Strike Off अशी नोंद दिसत असेल, तर त्या पानाची प्रत मेलला जोडायची. अशी प्रकरणं मी एका दिवसात मंजूर होताना पाहिली आहेत.

काही ठिकाणी मात्र सवलत मिळतच नाही. काही बँकांत, आणि परदेशी ग्राहकाने कागदांची यादी करारातच घातलेली असेल तिथे, एचआरच्या हातात काही नसतं. तिथे दोनच गोष्टी मागता येतात: रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणं, किंवा त्या ग्राहकाऐवजी दुसऱ्या प्रकल्पावर नेमणूक. पहिली मागणी रुजू होण्याआधीच करता येते. म्हणून आधीची कंपनी खळखळ करते आहे असं दिसलं, की जुनी नोकरी सुटायच्या आतच नव्या एचआरशी बोलावं.

भोसरीच्या मुलीला चार दिवसांनी उत्तर आलं. मुदत मिळाली, पण ३० नोव्हेंबरपर्यंत. तिने पीएफच्या दोन महिन्यांची अट पुन्हा समजावून सांगितली, तेव्हा ती १५ डिसेंबर झाली. अहवाल अपेक्षेप्रमाणे पिवळा आला. नोव्हेंबरमध्ये आधीच्या कंपनीने प्रशिक्षण खर्च सोडला, नोटिशीच्या रकमेवर मात्र अडून राहिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने १४ सप्टेंबर ही तारीख पोर्टलवर नोंदवली, सर्व्हिस हिस्टरीचं पान एचआरला पाठवलं, आणि ‘अपवाद म्हणून मंजूर’ अशा शेऱ्यानिशी तिची फाइल बंद झाली. रिलिव्हिंग लेटर तिच्याकडे अजूनही नाही. तो मंजुरीचा मेल मात्र तिने सगळ्या कागदांसकट स्वतःच्या खासगी मेलवर घेऊन ठेवला आहे, तोही एचआरला विचारून. पुष्कळ कंपन्या मागच्या दोन नोकऱ्यांची पडताळणी करतात, त्यामुळे पुढची नोकरी बदलताना भोसरीचं पत्र पुन्हा मागितलं जाणार आहे.